गच्चीवर किती किलोवॉट बसतील? पॅनेलची मापे, सावल्या आणि अडथळे यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरांतील सर्व आकडे पुण्याच्या अक्षांशासाठी, म्हणजे सुमारे १८.५ अंश उत्तरेसाठी, आणि सपाट स्लॅबच्या गच्चीसाठी काढलेले आहेत. कौलारू किंवा पत्र्याच्या उतरत्या छताचा हिशेब वेगळा असतो. तो येथे घेतलेला नाही.

एका किलोवॉटला नेमकी किती जागा लागते?

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. पहिले उत्तर पॅनेलच्या स्वतःच्या क्षेत्रफळाचे. सध्या घरगुती कामांत सर्रास वापरले जाणारे ५५० वॅटचे पॅनेल साधारण २.२७८ मीटर लांब आणि १.१३४ मीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर होते आणि त्याला ०.५५ ने भागल्यास किलोवॉटमागे ४.७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५१ चौरस फूट, हा आकडा मिळतो. ही केवळ काचेची जागा झाली.

दुसरे उत्तर गच्चीच्या क्षेत्रफळाचे आहे. त्यात दोन रांगांमधील अंतर, कठड्यालगत सोडावी लागणारी पट्टी, चालण्याची वाट आणि टाकी किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत जाणारा भाग मिळवावा लागतो. हा आकडा प्रत्येक गच्चीचा निराळा असतो आणि तो ६ चौरस मीटरपासून १४ चौरस मीटरपर्यंत कुठेही असू शकतो.

मग सगळे जण १० चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांना एक किलोवॉट, असे का सांगतात?

हा ठोकताळा पॅनेलची कार्यक्षमता कमी होती तेव्हापासून चालत आलेला आहे. ७२ सेलचे ३३५ वॅटचे जुने पॅनेल सुमारे १.९६ मीटर × ०.९९ मीटर असे, म्हणजे किलोवॉटमागे केवळ काचच ५.८ चौरस मीटर लागत असे. रांगांमधील अंतर आणि वाटा धरल्या की आकडा दहाच्या आसपास जाई. आज पॅनेल सुधारले असले तरी हा ठोकताळा पूर्ण निरुपयोगी झालेला नाही, कारण अडथळ्यांनी भरलेल्या गच्चीवर तो योगायोगाने बरोबर ठरतो. मात्र मोकळ्या गच्चीवर तो क्षमता कमी दाखवतो, आणि नैऋत्येला उंच टाकी असलेल्या गच्चीवर बऱ्याचदा जास्त दाखवतो. पहिला अंदाज करण्यापुरता तो ठीक आहे. त्यावरून किलोवॉट ठरवून करार करणे मात्र योग्य नाही.

जाता जाता एक खुलासा करणे आवश्यक आहे. जास्त वॅटचे पॅनेल घेतले की जागा वाचते, हा समज अर्धवट आहे. वॅट वाढण्याबरोबर पॅनेलचा आकारही वाढला असेल तर काहीच वाचत नाही. म्हणून माहितीपत्रकावरील लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करून त्याला किलोवॉटने भागावे आणि मगच दोन पॅनेलची तुलना करावी. त्याच २.२७८ × १.१३४ मीटरच्या आकारात ५८० वॅट मिळत असतील तर किलोवॉटमागे ४.४५ चौरस मीटर पुरतात, आणि ही बचत खरी असते.

दोन रांगांमध्ये किती अंतर सोडावे?

पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये इतके. सूर्य वर्षात सर्वांत खाली २१ डिसेंबरच्या सुमारास असतो, म्हणून त्या दिवशी सौरवेळेनुसार, म्हणजे सूर्य सर्वांत वर असतो तेव्हा १२ वाजले असे धरून, सकाळी ९ ते दुपारी ३ या काळात सावली पडू नये, हा सर्वसाधारण निकष धरला जातो. पुण्यात त्या दिवशी ९ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंशांवर असतो आणि तो आग्नेयेकडे असल्यामुळे सावली वायव्येला पडते. तिचे दोन भाग करून पाहिले तर हिशेब सोपा होतो: वस्तूच्या उंचीच्या सुमारे १.२ पट सावली उत्तरेकडे जाते आणि सुमारे १.३३ पट पश्चिमेकडे. दुपारी ३ वाजता हेच चित्र आरशातल्यासारखे उलटते आणि १.३३ पट सावली पूर्वेकडे जाते.

हे दोन गुणक एवढेच लक्षात ठेवले तरी या पानावरील बहुतेक हिशेब स्वतः करता येतात. नागपूर उत्तरेला असल्यामुळे तेथे ते सुमारे १.३ आणि १.४ होतात; पणजीत १.१ आणि १.२५ पुरतात.

आता रांगेचा हिशेब पाहू. पॅनेल उभे ठेवून, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवून, त्याला दक्षिणेकडे १५ अंशांचा कल दिला तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा ०.५९ मीटर उंच होते आणि जमिनीवरील पसारा २.२० मीटर राहतो. ०.५९ ला १.२ ने गुणले की ०.७१ मीटर अंतर मिळते. म्हणजे एक रांग आणि तिच्यामागची मोकळी जागा मिळून २.९१ मीटर होतात. दोन पॅनेलमध्ये २ सेंटिमीटरची फट धरली तर एका पॅनेलच्या वाट्याला ३.३६ चौरस मीटर गच्ची येते आणि किलोवॉटमागे हा आकडा ६.१ चौरस मीटर होतो. कोणताही अडथळा आणि कठडा नसलेल्या गच्चीचा हा आदर्श आकडा समजावा.

कल कमी केला तर अधिक पॅनेल बसतील का?

काही प्रमाणात होय. कल १० अंश ठेवला तर अंतर ०.४७ मीटर पुरते आणि किलोवॉटमागे ५.७ चौरस मीटर लागतात. पुण्याच्या अक्षांशावर १० आणि १५ अंशांमध्ये वर्षभराच्या वीजनिर्मितीचा फरक फारच थोडा असतो. मात्र अर्ध्या मीटरपेक्षा कमी फटीत माणूस बादली आणि पुसणी घेऊन उभा राहू शकत नाही. धूळ धुण्यासाठी पोहोचता आले नाही तर जागेत मिळवलेले धुळीत जाते, म्हणून केवळ एक जास्तीचे पॅनेल कोंबण्यासाठी कल कमी करू नये असे माझे मत आहे. पाच अंशांच्या आसपास तर पावसाचे पाणी चौकटीच्या खालच्या कडेला साचून तेथे मातीची पट्टी तयार होते, आणि ती पट्टी नेमकी सेलच्या तळच्या ओळीवर बसते.

रांगेत एकावर एक दोन पॅनेल ठेवली तर अंतराची बचत होते का?

नाही. उंची दुप्पट झाली की सावलीही दुप्पट होते आणि गुणोत्तर तेच राहते. फायदा इतकाच की प्रत्येकी ०.७१ मीटरच्या दोन फटींऐवजी १.४ मीटरची एकच ऐसपैस वाट मिळते. तोटा असा की मागची कड उंच जाते आणि वाऱ्याचा जोर वाढतो.

टाकी आणि जिन्याची खोली यांच्यापासून किती दूर राहावे?

येथे एका गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: अडथळ्याची उंची स्लॅबपासून मोजायची नसून पॅनेलच्या खालच्या कडेपासून मोजायची असते. जिन्याची खोली २.५ मीटर उंच आहे आणि पॅनेलची पुढची कड स्लॅबपासून ०.३ मीटर वर आहे, तर हिशेबाची उंची २.२ मीटर. त्या खोलीच्या उत्तरेला २.६ मीटर आणि पूर्व-पश्चिमेला २.९ मीटर जागा सोडावी लागेल. दक्षिणेला जवळजवळ काहीच सोडावे लागत नाही. मे-जूनमध्ये सूर्य पुण्याच्या उत्तरेला सरकतो तेव्हा सकाळ-संध्याकाळी थोडी सावली दक्षिणेकडे पडते, पण ती उंचीच्या पाव पटीहून कमी असते.

याच कारणामुळे अडथळा गच्चीच्या उत्तर कडेला असेल तर त्याची सावली इमारतीबाहेर पडते आणि नुकसान नाममात्र होते. दुर्दैवाने आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या आग्रहामुळे वरची टाकी नैऋत्येला बांधण्याची पद्धत आहे. सौर पॅनेलच्या दृष्टीने ही अत्यंत गैरसोयीची जागा, कारण दुपारनंतरची सावली आडवी पसरत थेट गच्चीच्या मध्यावर येते. नवे बांधकाम चालू असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर टाकी उत्तरेच्या भिंतीकडे नेण्याचा विचार अवश्य करावा.

एखादे प्रत्यक्ष उदाहरण सोडवून दाखवाल का?

पुण्यातील एक बंगला घेऊ. गच्ची पूर्व-पश्चिम १२ मीटर आणि उत्तर-दक्षिण १० मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर किंवा सुमारे १,३०० चौरस फूट आहे. चारही बाजूंना १ मीटर उंच कठडा आहे. नैऋत्य कोपऱ्यात पूर्व-पश्चिम ३ मीटर आणि उत्तर-दक्षिण ४ मीटर अशी जिन्याची खोली, २.५ मीटर उंच. तिच्या छताच्या मधोमध हजार लिटरची टाकी, जिचा माथा स्लॅबपासून ४ मीटरवर येतो. ठोकताळ्याप्रमाणे येथे १२ किलोवॉट बसायला हवेत. पॅनेल ५५० वॅटचे, कल १५ अंश आणि पुढची कड ०.३ मीटर उंच धरू.

प्रथम कठडा पाहू. त्याची हिशेबाची उंची ०.७ मीटर, म्हणून दक्षिणेच्या कठड्यापासून ०.८४ मीटर आणि पूर्व-पश्चिमेच्या कठड्यांपासून ०.९३ मीटर आत यावे लागते. आता जिन्याची खोली. तिच्या पूर्वेला २.९ मीटर सोडायचे, म्हणजे पश्चिम कठड्यापासून सुमारे ६ मीटरपर्यंतचा पट्टा बाद झाला. उत्तरेला सावली दक्षिण कठड्यापासून ६.६४ मीटरपर्यंत पोहोचते.

दक्षिणेकडून रांगा मांडल्यास पहिली ०.८४ ते ३.०४ मीटर, दुसरी ३.७५ ते ५.९५ मीटर आणि तिसरी ६.६६ ते ८.८६ मीटर अशी येते. उत्तरेला १.१४ मीटरची वाट उरते. पहिल्या दोन रांगांना फक्त पूर्वेचा ५ मीटरचा तुकडा मिळतो आणि त्यात प्रत्येकी ४ पॅनेल बसतात. तिसरी रांग मात्र खोलीच्या सावलीतून केवळ दोन सेंटिमीटरने सुटते, म्हणून ती पूर्ण रुंदीत टाकता येते, १०.१४ मीटरमध्ये ८ पॅनेल बसतात. एकूण १६ पॅनेल, म्हणजे ८.८ किलोवॉट. किलोवॉटमागे सुमारे १३.६ चौरस मीटर गच्ची खर्ची पडली.

टाकी राहिली. तिची हिशेबाची उंची ३.७ मीटर असल्याने डिसेंबरात दुपारी ३ वाजता तिच्या माथ्याची सावली टाकीच्या मध्यापासून ४.९ मीटर पूर्वेला आणि ४.४ मीटर उत्तरेला पडते. म्हणजे ती तिसऱ्या रांगेतील मधल्या एक-दोन पॅनेलच्या खालच्या फूटभर भागाला स्पर्श करते. दुपारी २ वाजता हीच सावली रांगेच्या अलीकडे असते. वर्षातील काही आठवडे, तेही ९ ते ३ या काळातील शेवटच्या तासाभरासाठी, होणारे हे नुकसान मान्य करून पॅनेल तेथेच ठेवणे व्यवहार्य आहे. टाकीच्या पूर्ण सावलीला घाबरून ती दोन पॅनेल काढून टाकणे हा हिशेबात तोट्याचा सौदा ठरेल.

हीच पॅनेल उंच स्ट्रक्चरवर चढवली तर?

चित्र पूर्ण पालटते. वरील गच्चीवरच पुढची कड २.६ मीटरवर नेली तर जिन्याची खोली आणि कठडा दोन्ही पॅनेलच्या खाली जातात आणि त्यांची सावली उरतच नाही. फक्त टाकी १.४ मीटर वर डोकावते. तिची सावली पूर्वेला १.९ मीटर आणि उत्तरेला १.७ मीटर जाते. तीन रांगा आणि रांगेत १० अशा ३० जागा आखून त्यातून टाकीच्या परिसरातील पहिल्या दोन रांगांमधील प्रत्येकी ४ जागा वगळल्या तर २२ पॅनेल, म्हणजे १२.१ किलोवॉट बसतात. टाकी धुण्यासाठी माणसाला वर चढता येईल इतकी मोकळीक या वगळलेल्या जागेतच मिळते.

याची किंमत लोखंडात मोजावी लागते. उंच स्ट्रक्चरला वारा खालूनही उचलतो, त्यामुळे खांबांचा पाया बीम किंवा कॉलमच्या रेषेवर हवा, स्लॅबच्या मध्यावर कोठेही नव्हे. आणि त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा घेणे आवश्यक आहे. कोब्याला छिद्र पाडून वॉटरप्रूफिंगची वाट लावण्याऐवजी वजनदार काँक्रीटचे पेडस्टल वापरता येतात का, हे त्याच वेळी विचारावे. घराला खरोखर ८.८ किलोवॉटपेक्षा जास्त लागत नसतील तर हा खर्च का करायचा, हा प्रश्न मालकाने स्वतःलाच विचारणे बरे.

ड्रेनेजचा व्हेंट पाइप मध्येच आला आहे. त्याच्या जागचे एक पॅनेल वगळले की काम भागेल का?

सहसा भागत नाही. समजा वरील उदाहरणात पहिल्या आणि दुसऱ्या रांगेच्या मधल्या फटीत ११० मिलिमीटर व्यासाचा, १.५ मीटर उंच पाइप आहे. हिशेबाची उंची १.२ मीटर; म्हणजे त्याची सावली उत्तरेला १.४ मीटरपर्यंत जाते आणि सकाळपासून दुपारपर्यंत पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे ३ मीटरच्या टापूत फिरते. दुसऱ्या रांगेतील दोन-तीन पॅनेल आळीपाळीने तिच्या टप्प्यात येतात. एक वगळल्याने उरलेली सुटत नाहीत.

पाइप बारीक आहे म्हणून सावली पुसट असेल, असेही समजू नये. सूर्याची चकती आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे कोणत्याही वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या सुमारे १०८ पट अंतरावर जाऊन संपते. ११० मिलिमीटरच्या पाइपसाठी हे अंतर जवळजवळ १२ मीटर भरते. दोन मीटरवर तर त्याची ९ सेंटिमीटर रुंदीची गडद पट्टी कायम असते आणि अर्ध्या कापलेल्या सेलची अरुंद बाजू तेवढीच असते. याउलट २५ मिलिमीटरच्या अँटेनाच्या नळीची गडद सावली २.७ मीटरवर नाहीशी होते, तेव्हा तिची फारशी चिंता करू नये.

उपाय प्लंबरकडे आहे. पाइप दोन एल्बो लावून किंचित चढ देत उत्तरेच्या वाटेकडे नेता येतो. तेथे त्याची सावली कठड्याबाहेर पडते. पाइप बुंध्याशी कापून ठेवणे किंवा त्याचे तोंड पॅनेलखाली दडवणे मात्र टाळावे. तो घाण वायू घराच्या वर सोडण्यासाठीच असतो. तोंड खाली आले की वास जिन्यात आणि वरच्या खिडक्यांत येतो. सोलर वॉटर हीटरलाही हाच नियम लागू आहे: त्याची गरम पाण्याची टाकी उंच असते, म्हणून शक्य असल्यास त्याला उत्तरेच्या कडेला जागा द्यावी.

थोडीशी सावली पडली तर संपूर्ण यंत्रणा बंद पडते का?

संपूर्ण नाही, पण नुकसान सावलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातही नसते. अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा असे दोन भाग समांतर जोडलेले असतात आणि लांबीच्या दिशेने तीन गट असतात, ज्यांना प्रत्येकी एक बायपास डायोड, म्हणजे झाकलेल्या गटाला वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग, असतो. उभ्या ठेवलेल्या पॅनेलची फक्त तळची ओळ पूर्ण झाकली गेली तर खालचा अर्धा भाग निकामी होतो आणि वरचा चालू राहतो. सावली एका लांब कडेवर उभी पडली तर एक गट, म्हणजे एक तृतीयांश पॅनेल, बाजूला पडते. म्हणून कठड्याची किंवा पुढच्या रांगेची आडवी सावली कुठे पडणार हे पाहूनच पॅनेल उभे ठेवायचे की आडवे हे ठरवावे. टाकीच्या टप्प्यातील पॅनेल शक्यतो एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीत, घ्यावीत. इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी, म्हणजे आपापल्या पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे नियंत्रक, असतील तर त्यांपैकी एक या पॅनेलना देता येतो.

मी मे महिन्यात मापे घेत आहे. डिसेंबरची सावली आज कशी कळणार?

उन्हाळ्यातील सावली पाहून निर्णय घेणे धोक्याचे आहे, कारण मे महिन्यात दुपारी वस्तूची सावली तिच्या पायाशीच असते आणि गच्ची मोकळी वाटते. त्याऐवजी प्रत्येक अडथळ्याची उंची आणि कठड्यांपासूनचे अंतर टेपने मोजावे, वर दिलेल्या गुणकांनी गुणावे आणि खडूने गच्चीवरच चौकोन आखावेत. उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घेतल्यास स्लॅबमधील सळ्यांमुळे ती चुकू शकते. उपग्रह नकाशावर इमारतीची भिंत पाहून दिशा ठरवणे अधिक भरवशाचे. गच्ची दक्षिणेपासून पंधरा-वीस अंश फिरलेली असेल तर पॅनेल कठड्याला समांतर लावणेच सोयीचे ठरते, पण सावली मात्र खऱ्या दिशेनेच मोजावी.

डिसेंबरमध्येच पाहणी करता येत असेल तर घड्याळाकडे लक्ष द्यावे. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, म्हणून सौरवेळेचे ९ आणि ३ म्हणजे घड्याळातील सुमारे साडेनऊ आणि साडेतीन.

कंत्राटदाराच्या आराखड्यात काय तपासावे?

पॅनेलची लांबी-रुंदी माहितीपत्रकाशी जुळते का, रांगांमधील अंतर आकड्यात लिहिले आहे का आणि प्रत्येक अडथळ्याची उंची नोंदवली आहे का, हे पाहावे. बऱ्याच आराखड्यांत टाकी केवळ एक वर्तुळ म्हणून दिसते आणि तिच्या उंचीचा पत्ता नसतो. अशा आराखड्यावरून सावलीचा हिशेब झालेलाच नाही, असे खुशाल समजावे. पॅनेल कठड्याला चिकटवून दाखवलेली असतील तर पुढची कड किती उंचीवर आहे ते विचारावे. उत्तर ०.३ मीटर असेल आणि कठडा १ मीटरचा असेल, तर दक्षिणेकडील पहिली रांग हिवाळ्यात तळाशी झाकली जाणार आहे, आणि ती तेथून ०.८४ मीटर मागे घेण्यास किंवा पुढची कड वर उचलण्यास काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे.